गर्दी वाढली की वॉक थंड का पडतो?

प्रश्न: "वॉक स्टेशनवर मी एकटाच असतो. पहिल्या दोन-तीन प्लेट छान होतात, पण ऑर्डर साचल्या की नूडल्स चिकटतात, भात ओलसर होतो आणि सॉस तळाशी साचून राहतो. गॅस पूर्ण फुल असतो, तरी असं होतं. सॉस आधीच मिसळून ठेवावा का? नक्की काय चुकतंय?"

गॅस फुल आहे म्हणजे वॉक गरम आहे, असं नसतं. तुमच्या पहिल्या प्लेट चांगल्या होतात, याचा अर्थ हात बसलेला आहे. पुढच्या प्लेटपर्यंत वॉक पुन्हा तापत नाही, आणि जी काही धग उरलेली असते ती पाणी उडवण्यातच संपते. सोळा वर्षं मी या स्टेशनवर उभी आहे. नवीन माणसाच्या तक्रारींपैकी बहुतेक शेवटी पाण्यापाशीच येऊन थांबतात. सॉसचं पाणी दिसतं, म्हणून त्याच्यावर बोट ठेवलं जातं. धुतलेल्या कोबीतलं आणि न निथळलेल्या नूडल्समधलं पाणी कुणी धरतच नाही.

थोडा हिशेब मांडते, म्हणजे पुढचं सगळं त्यावर उभं राहील. साध्या तापमानाचं १ ग्रॅम पाणी तापवून त्याची वाफ करायला साधारण २.६ किलोज्यूल उष्णता लागते. स्टेशनचा बर्नर २० किलोवॅटचा धरला, तरी वॉकच्या कडेने निसटून जाणारी आच सोडली तर अन्नापर्यंत जेमतेम पाव हिस्सा पोहोचतो, म्हणजे सेकंदाला ५ किलोज्यूलच्या आसपास. आता तुमच्या वॉकचा विचार करा. पावणेदोन किलोचं पोलाद ३०० अंशांपर्यंत तापलं असेल, तर १०० अंशांवर येईपर्यंत ते जवळपास १७० किलोज्यूल देतं. ही वॉकची शिल्लक. पहिली प्लेट या शिलकीवर निभावते. दुसऱ्या प्लेटच्या वेळी शिल्लक अर्धी असते, तिसऱ्याला नसतेच, आणि मग सगळा भार बर्नरवर येतो.

दोन प्लेट एकदम टाकल्या असं धरू. ५०० ग्रॅम शिजवलेल्या नूडल्स आणि २०० ग्रॅम भाजी नुसती गरम करायलाच १९० किलोज्यूलच्या आसपास जातात. सॉस ६० मिली, त्यात पाणी सुमारे ४५ ग्रॅम, ते उडवायला आणखी ११७. एकूण ३०७. वॉक नीट तापलेला असेल तर १७० त्याच्याकडून येतात आणि उरलेले १३७ बर्नर २७ सेकंदांत देतो. हे जमतं. पण नूडल्स नीट निथळलेल्या नसतील तर त्यांना ५० ग्रॅम पाणी सहज चिकटलेलं असतं, आणि धुतल्या धुतल्या आलेल्या भाजीला ३० ग्रॅम. या ८० ग्रॅमसाठी आणखी २०८ किलोज्यूल, म्हणजे ४० सेकंदांहून जास्त. तेवढा वेळ तुमच्या नूडल्स परतल्या जात नाहीत, वाफेवर शिजत राहतात. थोडं पाणी नूडल्स पिऊन टाकतात हे खरं, पण त्याने त्या मऊ होऊन तुटतात, म्हणजे सुटका तिथेही नाही. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस वास यायला १४० च्या पुढे जावं लागतं.

एका संध्याकाळी माझ्याही स्टेशनवर अगदी तुमच्यासारखंच झालं होतं. पहिल्या तासात सगळं ठीक, आणि मग सलग पाच-सहा प्लेट ओल्या परत आल्या. मी बर्नरची जाळी साफ केली, सिलिंडर बदलायला लावला, काही फरक पडेना. शेवटी कोबीचं भांडं उचललं तर तळाला पाणी हिंदकळलं. कापून धुतलेला कोबी मदतनीसाने तसाच भरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी वजन करून पाहिलं: १ किलो कोरडा कोबी धुऊन, वरवर झटकून घेतल्यावर १ किलो १५० ग्रॅम भरला. तेव्हापासून माझ्याकडे भाजी अख्खी असताना धुतली जाते, मग कापली जाते, आणि जाळीच्या भांड्यात कापडावर राहते.

म्हणून सॉसच्या आधी नूडल्स आणि भाताकडे बघा. नूडल्स आतून किंचित कच्च्या असतानाच उतरवा, म्हणजे चावल्यावर मध्ये बारीक पांढरा ठिपका दिसतो तेव्हा. लगेच थंड पाण्यात टाकून शिजणं थांबवा आणि मग किमान १५ मिनिटं जाळीवर निथळू द्या, मधे दोनदा हाताने उलटून. तेल निथळल्यानंतर लावायचं, किलोला १५ ते २० मिली. ओल्या नूडल्सवर तेल ओतलं तर ते पाण्यावरच राहतं आणि नूडल्स चिकटतात त्या चिकटतातच. मूठभर उचलून सोडल्यावर त्या एकेक होऊन घसरल्या पाहिजेत आणि तळहात ओला लागता कामा नये. मग २५० ग्रॅमचे वाटे करून ठेवा. गर्दीत अंदाजाने मूठ भरली की हमखास ३०० ग्रॅमच्या वर जाते.

भात उतरवला की लगेच रुंद ट्रेमध्ये पसरा, थर दोन बोटांपेक्षा जाड नको, आणि पंख्याखाली वाफ जाऊ द्या. मग झाकून फ्रीजमध्ये. रात्रभर गार राहिला की त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि दाणा मोडत नाही. आदल्या दिवशीचाच भात हवा असा काही नियम नाही. तासभर पंख्याखाली सुकलेला ताजा भातही चालतो, कारण दाण्याचा पृष्ठभाग कोरडा असणं महत्त्वाचं. मात्र भाताचं मोठं पातेलं ओट्यावर तसंच गार होऊ देऊ नका. बॅसिलस सेरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात. कोमट भातात ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं एक विष वॉकच्या आचेनेही नष्ट होत नाही. साठवणीच्या एका प्रचलित नियमानुसार भात २ तासांत २१ अंशांखाली आणि पुढच्या ४ तासांत ५ अंशांपर्यंत आला पाहिजे. पातळ थर पसरला तर हे सहज साधतं, खोल पातेल्यात कधीच नाही.

आता सॉस. आधीच मिसळून ठेवा, नक्कीच. चार बाटल्या उघडून ओतण्यात ८-१० सेकंद जातात, आणि त्या वेळात लसूण करपतो नाहीतर वॉक थंड पडतो. चवही दर प्लेटला बदलते. पण नूडल्स आणि भात यांना एकच सॉस वापरू नका. नूडल्सना थोडा पातळ हवा, म्हणजे तो सगळीकडे पसरतो. भाताला घट्ट आणि कमी हवा, कारण भात पाणी पिऊन फुगतो.

नूडल्ससाठी ४० प्लेटचं माझं प्रमाण असं आहे: लाइट सोया ६०० मिली, डार्क सोया १२० मिली, मशरूम किंवा ऑयस्टर सॉस १६० मिली, पाणी २६० मिली, साखर ६० ग्रॅम, पांढरी मिरी पूड ८ ग्रॅम. पाण्यातलं थोडं गरम करून त्यात साखर आधी विरघळवा, नाहीतर ती तळाशी बसते आणि शेवटच्या दहा प्लेट गोड होतात. सगळं मिळून साधारण १२०० मिली होतं, प्लेटला ३० मिली. यातून प्लेटला साडेतीन ग्रॅमच्या आसपास मीठ जातं, म्हणून वरून मीठ घालायची गरज पडत नाही. सोयाचा खारटपणा ब्रँडप्रमाणे बदलतो, तेव्हा नवीन बाटली उघडली की आधी एक प्लेट करून चाखा.

भातासाठी ४० प्लेटला लाइट सोया ४०० मिली, डार्क सोया ८० मिली, साखर ३० ग्रॅम, मिरी पूड १२ ग्रॅम. पाणी अजिबात नाही. हे ५०० मिलीच्या जवळ होतं, म्हणजे प्लेटला १२ मिलीच्या आसपास. उरलेलं मीठ, एक ते दीड ग्रॅम, कोरडंच भातावर भुरभुरवा. भाताचा खारटपणा सगळा सोयातून आणायला गेलं की भात काळा आणि ओला होतो, ही चूक मी फार ठिकाणी पाहते.

या मिश्रणांत काय घालू नये हेही सांगते. व्हिनेगर नको. तापलेल्या पोलादावर त्याचा आंबटपणा उडून जातो आणि डोळे चुरचुरतात. ते वेगळ्या बाटलीत ठेवा, आच बंद केल्यावर एक चमचा घाला. तिळाचं तेलही तसंच शेवटी. कॉर्नफ्लोअर नको, कारण ते खाली बसतं, अर्ध्या प्लेट चिकट होतात आणि वॉकला साय धरते. लसूण-आलं नको, कारण सॉसमध्ये भिजलेला लसूण तेलात परतला जात नाही, नुसता उकळतो. शिवाय ताजा लसूण घातलेला सॉस दिवसभर बाहेर ठेवणं सुरक्षित नाही. बाकी सॉस फ्रीजमध्ये राहू द्या आणि स्टेशनवर दोन तासांना पुरेल एवढाच काढा.

माप पळीने घ्या, पण तुमच्या पळीत किती मावतं ते एकदा पाणी मोजून बघा. आमच्याकडे सारख्याच दिसणाऱ्या दोन पळ्या होत्या, एकीत ३० मिली मावायचे आणि दुसरीत ४५. पाळी बदलली की प्लेट खारट व्हायच्या आणि कारण सापडत नव्हतं. पळी बुडवण्याआधी दर वेळी भांडं तळापासून ढवळा, मिरी खाली बसलेली असते.

आता आच. नॉब सुरू-बंद असा वापरला जातो, पण एका प्लेटमध्ये आच किमान चार वेळा बदलावी लागते. नूडल्सची एक प्लेट सेकंदांत सांगते. सुरुवातीला नॉब पूर्ण उघडून रिकामा वॉक तापवा. त्यातून धुराची पहिली बारीक रेघ उठली आणि पाण्याचा थेंब न उडता गोळी होऊन सरकायला लागला, की वॉक तयार. पळीभर तेल घालून चारी बाजूंना फिरवा आणि परत तेलाच्या भांड्यात ओता. मग नवीन २० मिली तेल घाला. या पहिल्या तेलाने पोलादावरचा काळा थर भरून निघतो आणि नूडल्स चिकटत नाहीत. बरेच जण घाईत हे टाळतात आणि मग चिकटलेले नूडल्स खरवडण्यात त्याहून जास्त वेळ घालवतात.

नवीन तेल पडलं की आच निम्म्यावर आणा. लसूण ५ सेकंद, त्याहून जास्त नाही. वास सुटला की भाजी टाका आणि लगेच पूर्ण आच. १५ सेकंद. मग नूडल्स, आणि इथे थांबा. टाकल्याबरोबर उडवायला लागू नका. १० सेकंद त्या तळाला टेकून राहू द्या, मग उलटा, पुन्हा ५-७ सेकंद. सारखं उडवत राहिलं की अन्न हवेत गार होतं आणि पोलादाला टेकतच नाही. २०२० मध्ये जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी फ्राइड राइस उडवणाऱ्या स्वयंपाक्यांच्या हालचाली कॅमेऱ्यात टिपल्या, तेव्हा एका उडवण्याला सेकंदाचा साधारण एक तृतीयांश वेळ लागत असल्याचं दिसलं. हे लोक वॉक उचलत नाहीत. तो शेगडीच्या कडेवर टेकवून मागे-पुढे सरकवतात आणि झुलवतात. तुम्ही वॉक उचलून उडवत असाल, तर दर वेळी तो आचेपासून दूर जातो आणि खांदाही दुखायला लागतो.

४० सेकंदांच्या आसपास नूडल्स तापलेल्या असतात. त्या एका बाजूला सारा आणि पळीतला सॉस उघड्या पडलेल्या गरम भिंतीवर गोल ओता, नूडल्सवर नाही. भिंतीवर तो सळसळत फेसाळतो, क्षणात दाट होतो, साखर आणि सोया किंचित करपतात, आणि तो सुगंध त्यातूनच येतो. तेलाचे बारीक थेंब आचेवर पेटून जी धुरकट चव येते, ती याच टप्प्यावर मिळते. आता मात्र उडवा, आठ-दहा वेळा. पातीचा कांदा घाला, आच बंद करा, व्हिनेगर आणि तिळाचं तेल घालून ताटलीत. ७० सेकंदांच्या आत प्लेट हातावेगळी होते.

कानाने खूप कळतं. नूडल्स टाकल्यावर चरचर कोरडी आणि कडक असेल तर सगळं ठीक. तीच मऊ होऊन खदखदीकडे झुकली की पाणी साचतंय. सॉस ओतल्यावर पाच सेकंदांनी तळाशी डबकं दिसलं, तर वॉक हरला. त्या वेळी बहुतेक जण जोरजोरात उडवायला लागतात किंवा चव कमी वाटते म्हणून आणखी सॉस घालतात. दोन्ही उलटं. नूडल्स भिंतीवर वर सारून तळ उघडा करा आणि पूर्ण आचेवर ७-८ सेकंद थांबा. डबकं आटून तळ चमकला की खाली ओढा. प्लेट अगदी पहिल्यासारखी होणार नाही, पण देण्याजोगी होते.

भाताचा क्रम थोडा वेगळा आहे. अंडं घालत असाल तर ते आधी, भरपूर तापलेल्या तेलात, आणि अर्धवट जमलं की भात. गोळे पळीच्या पाठीने दाबून मोडा, पण कापू नका. दाणे सुटून वॉकमध्ये उड्या मारायला लागेपर्यंत सॉस घालायचा नाही. दाणे उडतायत म्हणजे त्यांच्यावरचं पाणी गेलं. त्याआधी घातलेला सॉस दाण्याच्या आत मुरतो आणि भात गडद, जड होतो.

गर्दीचा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला. एका वॉकमध्ये दोन प्लेटच्या वर कधीच नाही, कितीही ऑर्डर साचल्या तरी. चार प्लेट एकत्र टाकल्या तर तळाला टेकणारी जागा तेवढीच राहते, पाणी मात्र चौपट. चार प्लेटच्या एका ओल्या घाण्याला अडीच-तीन मिनिटं लागतात आणि दोन-दोनच्या दोन कोरड्या घाण्यांनाही जवळपास तेवढीच. फरक प्लेटमध्ये दिसतो.

प्रत्येक घाण्यानंतर वॉकमध्ये पाणी मारून बांबूच्या ब्रशने घासा, ते ओतून द्या, आणि मग रिकामा वॉक पूर्ण आचेवर १५ ते २० सेकंद ठेवा. पहिल्या तीन-चार सेकंदांत चिकटलेलं पाणी उडतं, पुढचे सेकंद शिल्लक भरण्यासाठी असतात. तुम्ही बहुधा हेच गाळत असाल. दोन ऑर्डरच्या मधे फुरसत असेल तर आच पूर्ण बंद करू नका, मंद ठेवा, म्हणजे वॉक थंडगार पडत नाही आणि काळा थरही जळत नाही. रिकामा वॉक पूर्ण आचेवर मिनिटाच्या पुढे ठेवला तर तो थर करडा पडून सुटायला लागतो, आणि पुढच्या नूडल्स नेमक्या तिथेच धरतात.

ज्वाळाही एकदा बघून घ्या. निळी आणि आवाज करणारी असेल तर बर्नर ठीक आहे. पिवळी, लोंबणारी आणि वॉकचा तळ काळा करणारी असेल तर हवा कमी पडतेय. मग हवेची झडप उघडा आणि बर्नरची छिद्रं साफ करा, कारण तशा आचेवर वरचे सेकंद लागू पडणार नाहीत.

उद्या दुपारी गर्दी नसताना एवढं करा: एकाच मापाच्या तीन प्लेट सलग काढा, मधे दर वेळी २० सेकंद रिकामा वॉक तापवून, आणि तिन्ही घड्याळ लावून. तिसरी प्लेट पहिलीपेक्षा दहा सेकंदांहून जास्त घेत असेल तर नूडल्सची परात उचला आणि तिच्या तळाशी पाणी आहे का ते पाहा.